ठिपक्यांमागचा वाय-फाय पासवर्ड : बघायचा कसा आणि खरा कसा ओळखायचा

घरात नवा प्रिंटर येतो, टीव्ही बदलतो किंवा पाहुणे येतात, आणि वाय-फायचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही. घरातले सगळे फोन कधीचेच जोडलेले असतात. त्यामुळे तो पुन्हा टाइप करायची वेळच आलेली नसते. मग कुणीतरी राउटरचं पान उघडतं, वायरलेस विभागात जातं, पासवर्डचा रकाना सापडतो आणि त्यात नुसते काळे ठिपके दिसतात.

हे ठिपके बहुतेक वेळा अर्ध्या मिनिटात उलगडतात. कधी पानावरच सोय असते, नसेल तर ब्राउझरमध्ये असते. अडचण पुढे येते. ठिपके गेल्यावर समोर येणारी अक्षरं वाय-फायचाच पासवर्ड असतील, याची खात्री नसते. तो राउटरच्या लॉगिनचा पासवर्ड असू शकतो किंवा राउटरने जागा भरायला पाठवलेली खोटी अक्षरंही असू शकतात. म्हणून या लेखात उलगडण्याच्या दोन्ही पद्धती तर आहेतच, पण जास्त भर दिसलेलं खरं आहे का हे तपासण्यावर आहे.

ठिपके कोण काढतं?

राउटरचं पान म्हणजे एक साधं वेबपान. ते इंटरनेटवरून येत नाही, तुमच्या घरातल्या राउटरमधूनच येतं, एवढाच फरक. पानावरच्या प्रत्येक रकान्याला एक प्रकार ठरवून दिलेला असतो. नावाच्या रकान्याचा प्रकार `text`, पासवर्डच्या रकान्याचा `password`. प्रकार `password` असला की ब्राउझर आतल्या प्रत्येक अक्षराच्या जागी ठिपका दाखवतो. अक्षरं तुमच्या संगणकापर्यंत पोहोचलेलीच असतात. ठिपके हा शेजारी बसलेल्याच्या नजरेसाठी ओढलेला पडदा असतो, आणि तो ओढणारा राउटर नसून तुमचा ब्राउझर असतो. म्हणूनच तो ब्राउझरमधूनच बाजूला करता येतो.

याचा दुसरा अर्थही ध्यानात ठेवा. राउटरने अक्षरं पाठवलीच नसतील तर पडदा सारूनही काही हाती लागणार नाही. नव्या घडणीचे काही राउटर पासवर्ड ब्राउझरकडे मुळीच पाठवत नाहीत. ते कसं ओळखायचं हे पुढे येईलच.

आधी त्या पानापर्यंत

संगणक किंवा लॅपटॉप राउटरला जोडलेला हवा. वाय-फायने जोडलेला चालतो, नाहीतर राउटरच्या LAN लिहिलेल्या खाचेत केबल लावून जोडा. केबलने जोडायला वाय-फायचा पासवर्ड लागत नाही. घरातलं एकही यंत्र वाय-फायवर नसेल तेव्हा हीच वाट उपयोगी पडते.

आता राउटरचा पत्ता शोधा. तो बहुधा राउटरच्या पाठीवर किंवा तळाशी चिकटवलेल्या कागदावर छापलेला असतो. `192.168.1.1` आणि `192.168.0.1` हे नेहमी दिसणारे पत्ते. कागद पुसट झाला असेल तर विंडोजमध्ये Command Prompt उघडून ही आज्ञा द्या:

```
ipconfig
```

उत्तरात Default Gateway या ओळीसमोर जे आकडे येतात तोच राउटरचा पत्ता. घरात दोन राउटर असतील, म्हणजे फायबर कंपनीचा डबा वेगळा आणि वाय-फायचा वेगळा, तर तुम्ही ज्याला जोडलेले आहात त्याचा पत्ता इथे मिळतो. ज्याच्या वाय-फायचा पासवर्ड हवा आहे त्यालाच जोडलेले आहात ना, हे एकदा बघून घ्या.

पत्ता ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाइप करून एंटर दाबा. इथे ब्राउझर Not secure म्हणेल किंवा सुरक्षिततेचा इशारा देणारं मोठं पान दाखवेल. घरगुती राउटरची पानं साध्या `http` वर किंवा स्वतःच बनवलेल्या प्रमाणपत्रावर चालतात, त्यामुळे हा इशारा येणं स्वाभाविक आहे. पत्ता तुमच्याच राउटरचा असल्याची खात्री असेल तर पुढे जा. बाहेरच्या संकेतस्थळावर असाच इशारा आला तर मात्र पुढे जाऊ नका.

लॉगिनचं नाव आणि पासवर्डही बहुधा त्याच चिकटवलेल्या कागदावर असतात. कनेक्शन देणाऱ्यांनी बसवलेल्या डब्यांवर बऱ्याचदा दोन खाती असतात : ग्राहकासाठी मर्यादित आणि कंपनीच्या माणसांसाठी पूर्ण. वाय-फायचं पान बहुतेक वेळा ग्राहकाच्या खात्यातही दिसतं. अंदाजाने पासवर्ड टाकत बसू नका. दोन-तीनदा चुकलं की काही राउटर थोडा वेळ लॉगिनच बंद ठेवतात.

लॉगिन करण्यापूर्वी आणखी एक गोष्ट करा. नेहमीच्या ब्राउझरऐवजी ज्यात तुमचे पासवर्ड साठवलेले नाहीत असा ब्राउझर वापरा. क्रोम नेहमीचा असेल तर फायरफॉक्स किंवा एज. दुसरा ब्राउझर नसेल तर खासगी खिडकी उघडा. क्रोममध्ये ती Ctrl, Shift आणि N एकदम दाबल्यावर उघडते. याचं कारण पुढच्या उदाहरणात दिसेल.

पानावरच सोय आहे का?

आत गेल्यावर Wireless, WLAN किंवा Wi-Fi नावाचा विभाग शोधा. त्यात Security किंवा Wireless Security असा उपविभाग असतो. रकान्याचं नाव मात्र प्रत्येक कंपनीचं वेगळं. कुठे Wireless Password, कुठे Pre-Shared Key, कुठे WPA Passphrase, तर कुठे नुसतं Password. अर्थ सगळ्यांचा एकच.

दोन पट्टे असलेल्या राउटरवर 2.4 गिगाहर्ट्झ आणि 5 गिगाहर्ट्झ यांची पानं किंवा तुकडे वेगवेगळे असतात, आणि पाहुण्यांसाठीचं नेटवर्क चालू असेल तर त्याचा तिसरा पासवर्ड असतो. प्रत्येक रकान्याच्या वर SSID म्हणजे नेटवर्कचं नाव लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. बरेच प्रिंटर आणि स्वस्त कॅमेरे फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात. त्यांच्यासाठी 5 गिगाहर्ट्झचा पासवर्ड उघडून बसलात तर सगळी मेहनत वाया.

आता रकान्याच्या आसपास नीट बघा. उजव्या टोकाला डोळ्याचं चित्र असेल तर त्यावर क्लिक करा. शेजारी चौकट असेल आणि तिच्यापुढे Show किंवा Show Password लिहिलं असेल तर तिथे खूण करा. काही डब्यांवर हेच उलटं असतं : चौकटीपुढे Hide लिहिलेलं असतं, त्यात आधीच खूण असते आणि ती काढायची असते. काही पानांवर रकान्याऐवजी Click to display अशी ओळ दिसते. काही राउटरवर रकान्याच्या आत क्लिक केलं की ठिपक्यांची अक्षरं होतात आणि बाहेर क्लिक केलं की पुन्हा ठिपके. म्हणून काहीच चिन्ह दिसलं नाही तरी रकान्यात एकदा क्लिक करून बघा. क्लिकपलीकडे काही नको. एखादं अक्षर चुकून दाबलं गेलं तर तो पासवर्ड बदलतो. अजून सेव्ह केलेलं नसेल तर F5 दाबून पान ताजं केलं की सगळं पूर्ववत होतं.

फायरफॉक्समध्ये एक सोपी सोय आहे. 2023 मध्ये आलेल्या 112व्या आवृत्तीपासून कुठल्याही पासवर्डच्या रकान्यावर राइट क्लिक केलं की यादीत Reveal Password येतं. पानावर डोळा नसला तरी फायरफॉक्समध्ये काम एका क्लिकमध्ये होतं, पुढची खटपट करावी लागत नाही. एजमध्येही पासवर्डच्या रकान्यात डोळा दिसतो, पण तुम्ही स्वतः टाइप केलेल्या अक्षरांपुरताच. पान उघडताना आधीच भरून आलेल्या पासवर्डावर तो येत नाही. इथे आपल्याला हवा असतो तो नेमका आधीच भरून आलेला पासवर्ड, त्यामुळे त्या डोळ्याचा उपयोग नाही.

Inspect वापरून

पानावर काहीच सोय नसेल तर क्रोम, एज किंवा फायरफॉक्समध्ये रकान्यातल्या ठिपक्यांवर राइट क्लिक करा आणि यादीच्या तळाशी असलेलं Inspect निवडा. बाजूला किंवा खाली एक चौकट उघडेल. तिच्यात पानाचा मूळ मजकूर असतो आणि तुम्ही ज्यावर क्लिक केलं ती ओळ रंगवलेली असते. ती साधारण अशी दिसते :

```
<input type="password" name="wpaKey" maxlength="64">
```

`name` समोरचं नाव तुमच्याकडे वेगळं असेल. महत्त्वाचा शब्द एकच : `password`. त्यावर डबल क्लिक करा, तो खोडून `text` लिहा आणि एंटर दाबा. त्याच क्षणी पानावरच्या रकान्यात ठिपक्यांच्या जागी अक्षरं येतील.

या बदलाने राउटरला काहीही होत नाही. तुम्ही बदललं ते तुमच्या पडद्यावरचं पान. राउटरमधली सेटिंग जशी होती तशीच राहते आणि पान ताजं केलं की ठिपके परत येतात. राउटरमध्ये बदल होतो तो Save किंवा Apply दाबल्यावर, म्हणून या सगळ्या कामात ती बटणं दाबायची नाहीत.

त्या ओळीत `value="..."` असा भाग दिसला तर अवतरणातली अक्षरं थेट वाचून टाकायचा मोह होतो. त्यावर विसंबू नका. पान उघडल्यानंतर स्क्रिप्टने पासवर्ड भरला असेल तर `value` रिकामं राहतं किंवा त्यात जुनंच काही असतं, आणि रकान्यात मात्र खरा मजकूर असतो. म्हणून ओळ वाचण्यापेक्षा प्रकार बदलून रकाना वाचणं जास्त भरवशाचं.

जुन्या राउटरवर एक गोम असते. त्यांचं पान एकसंध नसून दोन-तीन वेगळ्या पानांचे तुकडे जोडून केलेलं असतं : डावीकडे यादी, मध्ये सेटिंग, उजवीकडे मदतीचा मजकूर. अशा वेळी Ctrl आणि U दाबून पानाचा मजकूर उघडलात तर त्यात पासवर्डाचा रकानाच सापडणार नाही, कारण तो आतल्या तुकड्यात असतो. थेट ठिपक्यांवरच राइट क्लिक करून Inspect निवडलं की ब्राउझर बरोबर त्या तुकड्यातल्या ओळीवर नेऊन सोडतो. पानाने राइट क्लिक बंद केलेलं असेल तर Ctrl, Shift आणि C एकदम दाबा आणि मग रकान्यावर साधं क्लिक करा.

एकाच पानावर चार-पाच रकाने असतील तर एकेक बदलण्यापेक्षा त्याच चौकटीतल्या Console या टॅबमध्ये ही ओळ देता येते :

```
document.querySelectorAll('input[type=password]').forEach(e => e.type = 'text')
```

अर्थ सरळ आहे : पानावरचे पासवर्ड प्रकारचे सगळे रकाने शोध आणि प्रत्येकाचा प्रकार `text` कर. ओळ देऊनही काही बदललं नाही तर पान तुकड्यांचं आहे असं समजा. Console च्या वरच्या पट्टीत `top` लिहिलेली यादी असते, तिच्यातून सेटिंगचा तुकडा निवडून ओळ पुन्हा द्या. पहिल्यांदाच काही पेस्ट करत असाल तर क्रोम अडवतो आणि `allow pasting` असं टाइप करायला सांगतो. हा अडथळा मुद्दाम ठेवलेला आहे. अनोळखी माणसाने पाठवलेली ओळ तिथे पेस्ट केली तर ती तुमच्या नावाने पानावर काहीही करू शकते. म्हणून ज्या ओळीचा अर्थ कळला नाही ती तिथे टाकायची नाही, ही सवय लावून घ्या. वरची ओळ तर हातानेही टाइप करता येते.

एक उदाहरण, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

माझ्या मावशीकडे घडलेला प्रसंग इथे उपयोगी पडेल. फायबरचा डबा तीन वर्षांपूर्वी तिच्या मुलाने लावून दिलेला, मुलगा आता परदेशात. नव्या प्रिंटरला पासवर्ड हवा होता. तिचा लॅपटॉप टेबलावर केबलनेच जोडलेला, त्यामुळे त्यात वाय-फायचा पासवर्ड साठवलेलाच नव्हता. क्रोममध्ये `192.168.1.1` उघडलं तर लॉगिनचे दोन्ही रकाने आपोआप भरलेले होते, म्हणजे मुलाने ते कधीतरी ब्राउझरमध्ये साठवले होते. एंटर दाबताच आत गेलो.

WLAN विभागात 2.4 गिगाहर्ट्झच्या नेटवर्कखाली रकाना होता, डोळा नव्हता. Inspect करून प्रकार बदलला आणि नऊ अक्षरांचा एक शब्द समोर आला. पण रकान्याची पार्श्वभूमी पांढरी नव्हती, फिकट निळी होती. क्रोम स्वतः साठवलेला मजकूर रकान्यात भरतो तेव्हा हा रंग देतो. म्हणजे दिसत होता तो राउटरने पाठवलेला पासवर्ड नव्हता. आपण मघाशी लॉगिनला वापरलेला पासवर्डच क्रोमने इथेही बसवला होता. ब्राउझरला एवढंच कळतं की या पत्त्यावर पासवर्डचा रकाना आहे. तो लॉगिनचा की वाय-फायचा, हे त्याला कळत नाही.

मग लॉगिनचं नाव आणि पासवर्ड कागदावर उतरवून घेतले, लॅपटॉपवरच असलेल्या एजमध्ये तोच पत्ता उघडला आणि दोन्ही हाताने टाइप केले. त्याच रकान्याचा प्रकार पुन्हा बदलला. या वेळी बारा अक्षरांचा वेगळाच शब्द आला, पार्श्वभूमी पांढरी. मावशीचा फोन तसाच ठेवून एका जुन्या, न जोडलेल्या फोनवर तो टाइप करून बघितला. जोडला गेला. त्यानंतर तो प्रिंटरवर टाकला.

पहिल्याच वेळी दिसलेला शब्द प्रिंटरवर टाकला असता तर प्रिंटर जोडला गेला नसता, एवढंच नुकसान. पण त्या पानावर कुणी Apply दाबलं असतं तर राउटरने तोच शब्द वाय-फायचा नवा पासवर्ड म्हणून घेतला असता आणि त्या नेटवर्कवरचं प्रत्येक यंत्र एकाच वेळी तुटलं असतं. काहीच बदललं नसताना वाय-फाय अचानक बंद पडलं अशी तक्रार येते, तेव्हा असं भरलेलं पान कुणी सेव्ह केलं होतं का, हे विचारून बघावं.

दिसलं ते खरं आहे का?

पहिली कसोटी रंगाची, ती वर आलीच. क्रोम आणि एजमध्ये आपोआप भरलेला रकाना बहुधा फिकट निळा दिसतो, फायरफॉक्समध्ये पिवळसर. पण राउटरच्या पानाने स्वतःचे रंग लावलेले असतील तर ही खूण झाकली जाते. म्हणूनच पासवर्ड न साठवलेला ब्राउझर वापरायचा. खासगी खिडकी वापरत असाल तर तिथे पान उघडताच ब्राउझर आपणहून पासवर्ड भरत नाही. त्याने सुचवला तरी सुचवलेलं निवडू नका, हाताने टाइप करा.

दुसरी कसोटी लांबीची. घरगुती वाय-फायचा पासवर्ड WPA किंवा WPA2 पद्धतीत 8 ते 63 अक्षरांचाच असतो. समोर `admin` किंवा `1234` असं काही आलं असेल तर तो वाय-फायचा पासवर्ड असूच शकत नाही. तो लॉगिनचा आहे किंवा तुम्ही भलताच रकाना उघडला आहे. बरोबर 64 अक्षरं असतील आणि त्यांत फक्त आकडे व `a` ते `f` ही अक्षरं असतील, तर ती पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव मिळून तयार केलेली किल्ली असते. तिच्यावरून मूळ शब्द परत काढता येत नाही.

तिसरी कसोटी खोट्या अक्षरांची. प्रकार `text` केल्यावरही रकान्यात चांदण्या किंवा ठिपकेच दिसत राहिले तर राउटरने पासवर्ड पाठवलेलाच नाही. चांदण्या हाच त्याने पाठवलेला मजकूर आहे. अशा पानावर चांदण्यांना हात लावला नाही तर सेव्ह करताना बरेच राउटर जुनाच पासवर्ड ठेवतात, पण सगळ्यांचा भरवसा देता येत नाही. रकाना रिकामाच निघाला किंवा त्यात शेवटी `=` असलेली अर्थहीन लांब ओळ आली, तर राउटर पासवर्ड दाखवत नाही किंवा सांकेतिक करून पाठवतो असं समजून ही वाट सोडून द्या. Inspect हा पडदा सारतो, पाठवलेलंच नसेल ते निर्माण करू शकत नाही.

चौथी आणि शेवटची कसोटी म्हणजे प्रत्यक्ष जोडून बघणं. रकान्यातली अक्षरं हाताने उतरवण्याऐवजी कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा आणि अक्षरांचा आकार मोठा करा. इंग्रजी मोठा `O` आणि शून्य, मोठा `I`, छोटा `l` आणि एक यांची गल्लत नेहमी होते. नोटपॅडमध्ये Consolas हा टाइप निवडला तर शून्याच्या पोटात रेघ दिसते आणि गल्लत टळते. मग पासवर्ड नसलेल्या फोनवर तो टाकून बघा. चालू असलेल्या फोनवर नेटवर्क विसरायला सांगून तपासू नका. पासवर्ड चुकीचा निघाला तर तो फोनही तुटेल.

राउटर दाखवतच नसेल तर

अशा वेळी राउटरला विचारण्यापेक्षा आधी जोडलेल्या यंत्राला विचारा. विंडोजचा लॅपटॉप कधीतरी या वाय-फायला जोडलेला असेल तर Command Prompt मध्ये नेटवर्कचं नाव घालून ही आज्ञा द्या :

```
netsh wlan show profile name="Ghar_2G" key=clear
```

उत्तरात Key Content समोर पासवर्ड येतो. `Ghar_2G` च्या जागी तुमच्या नेटवर्कचं नाव हवं, अगदी लहान-मोठ्या अक्षरांसकट. ती ओळच दिसली नाही तर Command Prompt वर राइट क्लिक करून Run as administrator निवडा आणि आज्ञा पुन्हा द्या. अँड्रॉइड 10 आणि त्यापुढच्या फोनवर जोडलेल्या नेटवर्कच्या माहितीत Share दाबलं की क्यूआर कोड येतो, आणि बऱ्याच फोनवर त्याखाली पासवर्डही लिहिलेला असतो. आयफोनवर iOS 16 पासून वाय-फायच्या माहितीतल्या Password या ओळीवर बोट ठेवलं की तो दिसतो. फोनच्या ब्राउझरमध्ये Inspect नसतं, त्यामुळे फोनच हाताशी असेल तर हाच मार्ग जवळचा.

घरातल्या कुठल्याच यंत्रावर तो मिळाला नाही, पण राउटरमध्ये लॉगिन होतं आहे, तर नवा पासवर्ड टाकून Save करणं हा स्वच्छ उपाय. सगळी यंत्रं पुन्हा जोडावी लागतील, त्यामुळे हे काम निवांत वेळी करा आणि शक्यतो केबलने जोडलेल्या संगणकावरून करा. वाय-फायवरून केलं तर सेव्ह होताच तुमचाच संगणक तुटतो आणि सेटिंग नीट बसली की नाही हे लगेच कळत नाही.

राउटरच्या मागच्या छोट्या भोकात सुई घालून रीसेट करणं टाळा. रीसेटने वाय-फायचा पासवर्ड कागदावर छापलेल्या मूळ पासवर्डावर जातो हे खरं, पण त्यासोबत कनेक्शन देणाऱ्याने भरलेलं खातं आणि इतर सेटिंगही पुसली जाऊ शकते. मग वाय-फाय चालू आणि इंटरनेट बंद, अशी अवस्था होते आणि माणूस बोलावण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

कुणाच्या राउटरवर, आणि नंतर काय?

हे सगळं स्वतःच्या राउटरवर किंवा मालकाने सांगितलं तर त्याच्या राउटरवर करायचं. कार्यालय, वसतिगृह, हॉटेल किंवा शेजाऱ्याच्या राउटरमध्ये परवानगीशिवाय शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 43 आणि 66 खाली येणारा गुन्हा ठरू शकतो. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

काम झालं की राउटरमधून Logout करा, नोटपॅडमधला मजकूर पुसा आणि पासवर्डाचा फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात टाकण्याऐवजी घरात एका ठरलेल्या वहीत लिहून ठेवा. दूरच्या माणसाला संगणकाचा पडदा दाखवून मदत घेत असाल तर ठिपके उलगडण्याआधी पडदा दाखवणं थांबवा.

आणि एक काम आजच करा. तुम्हाला जे अर्ध्या मिनिटात जमलं ते तुमच्या वाय-फायवर असलेल्या, लॉगिनचा पासवर्ड माहीत असलेल्या कुणालाही जमेल. तो पासवर्ड अजून कागदावरचा किंवा `admin` असेल, तर राउटरच्या System Tools, Administration किंवा Management या विभागात जाऊन तो बदला, आणि नवा पासवर्ड वाय-फायच्या पासवर्डापेक्षा वेगळा ठेवा.